दातांच्या जाहिरातीतले दात खरे कसे दिसतात

साताऱ्यातल्या एका दातांच्या दवाखान्यासाठी मी फ्लेक्स केला होता. तो लागला त्याच आठवड्यात एक आजोबा पायऱ्या चढून वर आले, खिडकीतून फ्लेक्सकडे बोट दाखवलं आणि डॉक्टर मॅडमना म्हणाले, “ती कवळी केवढ्याला बसते?” फ्लेक्सवर एक तरुणी हसत होती आणि ती कवळी नव्हती. विकत घेतलेला स्टॉक फोटो होता, मीच निवडलेला, आणि मीच हौसेनं दात अजून थोडे उजळलेला. पुढे आणखी दोघांनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा मॅडमनी मला बोलावून घेतलं. दवाखान्याची जागा बदलणार होती, नवीन फ्लेक्स करायचाच होता. त्या म्हणाल्या, “या वेळी तोंडात दात दिसू देत. बाथरूमच्या टाइल्स नकोत.”

हा लेख त्या दुसऱ्या फ्लेक्सबद्दल आहे.

आजोबांना कवळी का दिसली

आजोबांचं चुकलं नव्हतं. स्वस्त कवळी ज्या खुणांवरून ओळखू येते, त्या सगळ्या माझ्या फोटोत होत्या: दातांची रुंदी जवळपास सारखी, खालची कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच रंग.

खऱ्या तोंडात यातलं काहीच नसतं. समोर दिसणाऱ्या दातांत वरचे मधले दोन पटाशीचे दात सगळ्यांत मोठे. त्यांच्या बाजूचे पटाशीचे दात अरुंद आणि किंचित आखूड, म्हणून त्यांची कड थोडी वर राहते. मग सुळे पुन्हा खाली येतात. समोरून पाहिलं तर ही रेघ वरखाली होत जाते, आणि सगळी मिळून खालच्या ओठाच्या कमानीला साधारण समांतर असते. दोन दात जिथे भेटतात तिथे खालच्या टोकाला उलट्या ‘व्ही’सारखी बारीक खाच असते. मधल्या दोन दातांमध्ये ती अगदी इवलीशी असते आणि सुळ्याकडे जाताना मोठी होत जाते. स्टॉक फोटो सजवणारे या खाचा ‘घाण’ समजून पुसतात. खाचा पुसल्या की दहा दातांची एक पट्टी तयार होते.

रंगाची गोष्ट याहून गमतीची आहे. दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. ते दुधी काचेसारखं अर्धपारदर्शक असतं. पिवळेपणा येतो तो आतल्या डेंटिनचा. हिरडीजवळ इनॅमल पातळ असतं, म्हणून तिथे दात जास्त पिवळसर दिसतो. मधल्या भागात इनॅमल जाड, तिथे दात सगळ्यांत उजळ. खालच्या कडेला मात्र आत डेंटिन जवळपास नसतंच, नुसतं इनॅमल उरतं. त्यातून तोंडातला अंधार डोकावतो आणि कड निळसर-करडी दिसते. एकाच दातात असे तीन रंग असतात. सुळ्यात डेंटिनचा साठा मोठा, म्हणून सुळे शेजारच्या दातांपेक्षा नेहमी थोडे गडद असतात. आठवणीतून सांगायला गेलं तर कुणालाच सांगता येणार नाही की सुळे पिवळे असतात. पण फोटोत ते पांढरे झाले की काहीतरी बिनसलंय, हे प्रत्येकाला जाणवतं.

मासाहिरो मोरी या जपानी संशोधकानं १९७० मध्ये यंत्रमानवांबद्दल लिहिताना हेच टिपलं होतं: हुबेहूब माणसासारखी, पण पुरती माणसासारखी नसलेली गोष्ट पाहिली की आपण चरकतो. उघड उघड बाहुली असेल तर काही वाटत नाही. दातांच्या जाहिरातीत चेहरा खऱ्या माणसाचा असतो आणि तोंडातला माल बाहुलीचा, म्हणून तर ती जास्त खटकते.

पांढरा म्हणजे किती पांढरा

डॉक्टरांकडे दाताच्या छटा जुळवायला एक पट्टी असते, नमुन्याचे छोटे दात ओळीनं लावलेली. सगळ्यांत जास्त चालते ती व्हिटा कंपनीची १६ छटांची. तिच्यात चार घराणी आहेत: ए म्हणजे लालसर तपकिरी, बी लालसर पिवळी, सी करडी आणि डी लालसर करडी. आकडा वाढला की छटा गडद. या १६ मधली सगळ्यांत उजळ छटा बी-१. त्याहीपलीकडच्या, ब्लीच केलेल्या दातांसाठीच्या छटा आता वेगळ्या मिळतात. मॅडमनी ती पट्टी माझ्या जुन्या फ्लेक्सच्या प्रिंटला लावून पाहिली. बी-१ त्या मुलीच्या दातांपुढे चहात बुडवल्यासारखी दिसत होती.

म्हणजे दवाखाना ज्या पट्टीवरून कॅप बनवून देतो, तिच्यात नसलेला रंग दारावर लावून बसला होता. हा नुसता सौंदर्याचा मुद्दा नाही. पेशंट तो फोटो बघून आत येतो आणि “असे करून द्या” म्हणतो. मग डॉक्टरांचा अर्धा वेळ तसे होत नाहीत हे समजावण्यात जातो.

छटेची पट्टी हाताशी नसेल तर एक सोपी खूण आहे, दंतवैद्यही ती वापरतात. डोळ्यातला पांढरा भाग बघायचा. दात त्याहून पांढरे दिसले की हसू चेहऱ्यातून सुटून पुढे येतं. फोटोत डोळे आणि दात दोन्ही असतातच, त्यामुळे माप तिथेच मिळतं.

दुसरी गोष्ट, जी मी पहिल्या वेळी साफ विसरलो: पांढरेपणा शेजारच्या रंगावर ठरतो. जुन्या फ्लेक्सची पार्श्वभूमी स्वच्छ पांढरी होती आणि मुलीच्या अंगात पांढरा कुडता. त्या पांढऱ्यापुढे कुठलेही निरोगी दात पिवळेच दिसणार. ते पिवळे दिसले म्हणून मी उजळले. उजळल्यावर बाकीचा चेहरा मळका वाटला, म्हणून तोही उजळला. चूक दातांत नव्हती, कुडत्यात होती. या वेळी आम्ही गर्द हिरवी साडी ठरवली आणि मागे मातकट रंगाची भिंत. लिपस्टिक लावायचीच तर निळसर झाक असलेली लाल किंवा गुलाबी. केशरी झाक असली की दातातला पिवळा उठून दिसतो.

कुणाचे दात

मॉडेल शोधली नाही. मॅडमच्या नेहमीच्या पेशंटपैकी एक शिक्षिका तयार झाल्या, वय ३६. त्यांच्या तोंडात दिसण्याजोगी कॅप नाही. दर वर्षी दात साफ करून घेतात, एवढंच. डावीकडचा मधल्या दाताशेजारचा दात किंचित वळलेला, उजव्या सुळ्याचं टोक जरासं झिजलेलं. मी काही बोलायच्या आत मॅडम म्हणाल्या, “तो वळलेला दात राहू दे. तोच सांगेल की ही बाई खरी आहे.”

दात साफ करणं फोटोच्या आधी आठवडाभर उरकलं, आदल्या दिवशी नाही. साफ केल्या केल्या हिरड्या लालसर आणि थोड्या सुजलेल्या असतात, त्या बसायला वेळ द्यावा लागतो. लेखी संमती घेतली. फोटो कुठे कुठे लागणार, किती महिने राहणार, आणि नको म्हटलं की उतरवणार, हे तिच्यात स्पष्ट होतं. पेशंट आपल्या डॉक्टरला तोंडावर नाही म्हणायला कचरतो, म्हणून तो कागद मॅडमनी नाही, मी बाईंच्या घरी जाऊन दिला आणि दोन दिवसांनी परत घेतला.

हिरड्यांबद्दल एक सांगायलाच हवं. आपल्याकडे पुष्कळ लोकांच्या हिरड्यांवर तपकिरी किंवा काळपट छटा असते. तो त्वचेत असतो तोच रंग, आजार नव्हे. स्टॉक फोटोंमधल्या हिरड्या बहुतेक गोऱ्या लोकांच्या, फिकट गुलाबी. ते फोटो बघून बघून डिझायनर आपल्या माणसांच्या हिरड्याही गुलाबी रंगवतात, आणि मग सावळ्या चेहऱ्यात दुसऱ्याच कुणाच्या हिरड्या बसवल्यासारख्या दिसतात. शिक्षिकाबाईंच्या हिरड्यांवर अशी फिकट तपकिरी किनार होती. ती तशीच ठेवली.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या ज्या गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या लोकांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग असतात. तिथल्या दवाखान्यानं काय दाखवावं हा वेगळाच विचार आहे. मी तिकडे काम केलेलं नाही.

फोटोच्या दिवशी

कॅमेरा तिवईवर, नाकाच्या उंचीला, साधारण सहा-सात फुटांवर, ८५ मिलिमीटरची लेन्स. जवळ जाऊन मोबाइलनं काढलेल्या फोटोत नाक आणि मधले दोन दात फुगतात. उंचीलाही महत्त्व आहे. हनुवटी वर उचलली की दातांची कमान सपाट होते, आणि पट्टीसारखं दिसण्याचं अर्धं कारण तिथेच तयार होतं. हनुवटी किंचित खाली ठेवली की कमान नीट दिसते.

मोठा सॉफ्टबॉक्स एका बाजूनं, ४५ अंशांवर, डोळ्यांपेक्षा जरा वर. दुसऱ्या बाजूला नुसता पांढरा थर्मोकोल. रिंग फ्लॅश मुद्दाम नव्हता. त्याचा उजेड सरळ समोरून तोंडात शिरतो आणि आतला अंधारच घालवतो. मघाशी म्हटलं ती दाताची निळसर कड त्या अंधाराच्याच जोरावर दिसते. मागे काळोख नसेल तर कड उरत नाही. म्हणून दातांवर दात ठेवून हसायला सांगायचं नाही. वरच्या दातांच्या कडेखाली थोडी काळी फट हवी. कवळीच्या जाहिरातीत दोन्ही रांगा एकमेकींवर बसवून दाखवतात, मनमोकळ्या हसण्यात बहुतेक वरचेच दात दिसतात. ओठांच्या कोपऱ्याशी, दाढा आणि गाल यांच्यामध्येही थोडी सावली असते. ती पुसली की तोंडात दातांची संख्या वाढल्यासारखी वाटते.

दातावर उजेडाची एक बारीक उभी चमक आम्हाला हवी होती. दाताचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो, त्यावर पुसट उंचवटे असतात आणि ते या चमकेतच कळतात. पहिल्या काही फोटोंत सॉफ्टबॉक्सचा अख्खा चौकोन मधल्या दातावर उमटला, खिडकीसारखा. दिवा फूटभर बाजूला सरकवल्यावर तो गेला.

मग एक गोष्ट घडली, जी मॅडम तिथे नसत्या तर माझ्या लक्षातच आली नसती. पंधरा-वीस मिनिटं बाई तोंड उघडं ठेवून बसल्या होत्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दात पहिल्यापेक्षा पांढरे आणि खडूसारखे दिसायला लागले. मी खूश. मॅडम म्हणाल्या, “थांब, दात वाळलेत.” इनॅमलमधल्या सूक्ष्म जागांत पाणी असतं. ते उडून तिथे हवा शिरली की प्रकाश आरपार न जाता विखुरतो. दात उजळ होतो, पण त्याचा काचेसारखेपणा जातो. दवाखान्यात कॅपची छटा जुळवतात ती याचसाठी अगदी सुरुवातीला, दात वाळण्याआधी. पुरता वाळलेला दात मूळ रंगावर यायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागू शकतो. आम्ही चहा घेतला. त्यानंतर दर चार-पाच फोटोंनी बाई ओठ मिटून दातांवरून जीभ फिरवत होत्या.

हसू आलं ते शेवटी. “हसा” म्हटलं की ओठ आडवे ताणले जातात आणि डोळे तसेच राहतात. दूशेन या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ मध्ये दाखवून दिलं होतं की खऱ्या हसण्यात ओठांचे कोपरे उचलणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्याभोवतीचा स्नायूही आकसतो, आणि तो ठरवून हलवणं अवघड. दवाखान्यातल्या मावशींनी शाळेतल्या मुलांचा विषय काढला. एका पोरानं निबंधात ‘माझा आवडता प्राणी’ म्हणून हेडमास्तरांचं नाव लिहिलं होतं, ते बाई सांगायला लागल्या आणि मधेच त्यांनाच हसू आवरेना. तो फोटो घेतला. पापणीखाली सुरकुत्या आल्यात, डावा ओठ उजव्यापेक्षा किंचित वर गेलाय.

संगणकावर काय केलं, काय नाही

शूटच्या सुरुवातीला बाईंच्या हातात करडं कार्ड देऊन एक फोटो काढला होता. त्यावरून पांढऱ्याचा तोल बसवला, आणि निम्मं काम तिथेच झालं. घरातल्या दिव्यांची पिवळी झाक दातावर असते, आणि लोक ती दाताचा पिवळेपणा समजून खरडत बसतात.

त्यानंतर फक्त दातांपुरता पिवळ्या रंगाचा गडदपणा २० टक्क्यांनी कमी केला. उजळपणा जवळपास हलवला नाही. सुळ्यांना हात लावला नाही. पुढच्या दातावरचा चहाचा एक बारीक डाग काढला, कारण तो दुसऱ्या दिवशी घासूनही गेला असता. वळलेला दात सरळ करणं मात्र उपचार दाखवण्यासारखं झालं असतं, आणि तो उपचार झालेलाच नाही.

काम संपल्यावर मी आकडे बघतो, कारण तासभर बसल्यावर डोळ्यावर भरवसा राहत नाही. मधल्या दाताच्या मध्यभागी लाल २३०, हिरवा २१८, निळा १९८ होते. सुळ्यावर हिरडीजवळ २१०, १९०, १५८. निळा आकडा सगळ्यांत कमी आहे, म्हणजे रंगात ऊब शिल्लक आहे. दातावर तिन्ही आकडे २५०च्या पुढे गेले, तेही चमक सोडून इतरत्र, तर तिथे दात उरलेला नसतो, नुसता पांढरा कागद असतो. एक करून पाहण्यासारखं: चित्र अगदी लहान करा, टपाल तिकिटाएवढं. चेहऱ्यात सगळ्यांत आधी दातच दिसले तर ते अजून जास्त पांढरे आहेत.

मजकूर

मजकुरात नवा पत्ता, वेळ, डॉक्टरांचं नाव आणि पदवी एवढंच राहिलं. मी ‘परफेक्ट स्माइल’ लिहिलं होतं, ते मॅडमनी खोडलं. पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करण्यावर दंतवैद्यांच्या आचारसंहितेत बंधनं आहेत. दवाखाना सुरू झाला, जागा बदलली, अशी सूचना देता येते. फोटो ठेवावा का, कसा ठेवावा, हे डॉक्टरांनी आपल्या परिषदेच्या नियमांशी ताडूनच ठरवायचं असतं, डिझायनरच्या हौसेवर नाही. दात ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे शेजारी लावायचं माझ्या डोक्यात होतं, तेही तिथेच संपलं.

छपाई

इथे सगळी मेहनत पाच मिनिटांत वाया जाऊ शकते. फ्लेक्स छापणारा मुलगा फाइल उघडल्या उघडल्या उजळपणा वाढवतो. सवयच ती. लग्नाच्या आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सगळ्यांना गोरं व्हायचं असतं. छपाईत फार फिकट रंगांचे ठिपके इतके विरळ होतात की तिथे शाई पडतच नाही, आणि दाताच्या जागी फ्लेक्सचं कोरं कापड दिसतं. म्हणून त्याला सांगितलं की दातांवर पिवळ्या शाईचा ठिपका दिसलाच पाहिजे, आणि आधी फक्त तोंडाएवढा तुकडा खऱ्या मापात छापून दे. तो तुकडा दुकानाबाहेर उन्हात धरून बघितला, दहा फुटांवरून आणि रस्त्यापलीकडून.

स्थानिक दैनिकात छोटी सूचना गेली, तिथे उलट अडचण. वर्तमानपत्राचा कागद मुळातच करडा-पिवळा, त्याहून पांढरे दात छापताच येत नाहीत. तिथे दात उजळायला जाण्यापेक्षा ओठ आणि तोंडातली सावली थोडी गडद केली. दात आपोआप उठून दिसले.

सगळ्यांत त्रास दिला तो दारावरच्या ग्लो साइननं. त्यात मागून एलईडी पेटतात, आणि चित्रात जिथे शाई कमी तिथून उजेड जास्त बाहेर येतो. दिवसा सुरेख दिसणारा फोटो संध्याकाळी सातला पेटवला तर शिक्षिकाबाईंच्या तोंडात ट्यूबलाइट लावल्यासारखी. बोर्डासाठी वेगळी फाइल केली, दात आणि डोळ्यांतला पांढरा भाग दोन्ही आणखी एक पायरी गडद. दिवसा बंद असताना ती जरा मळकट दिसते. मॅडम म्हणाल्या, दवाखाना संध्याकाळीच चालतो, चालेल.

आजोबा महिन्याभरानं आले, कवळीचं माप द्यायला. नव्या फ्लेक्सकडे बघून त्यांनी विचारलं ते दातांबद्दल नव्हतं. म्हणाले, “या बाई आमच्या नातीला शिकवायच्या का हो?”